जिथून उचलली, तिथेच

धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, नगरपालिकेत, मी स्वच्छता निरीक्षक होतो. गावाचं नाव सांगत नाही. तिथली बरीच माणसं अजून आहेत आणि मला अधूनमधून त्यांच्या दारावरून जावं लागतं. गटारी, उकिरडे, मेलेली जनावरं आणि भटकी कुत्री असं माझं खातं. लोक मला साहेब म्हणत आणि हात मिळवायचं टाळत.

कुत्र्यांचं काम वर्षातून एकदा निघायचं. भाद्रपदात कुत्री माजावर येत, गल्लीबोळांतून त्यांच्या टोळ्या फिरत, भांडत, सायकलवाल्यांच्या मागे लागत. दिवाळीपर्यंत प्रत्येक उकिरड्याशी पिल्लं वळवळायला लागत. मग पिल्लांच्या आया येणाऱ्याजाणाऱ्याच्या अंगावर येत, कुणाला तरी चावा बसे, तक्रारींचा ढीग पडे आणि पौषात आम्ही विष घालत असू. उजाडायच्या आधी मटणाचे तुकडे टाकायचे आणि उजाडलं की ट्रॅक्टरची ट्रॉली फिरवायची. माझ्या हाताखाली एक मुकादम होते, माझ्यापेक्षा वयानं मोठे, म्हणून मीही त्यांना नानाच म्हणायचो. तुकडे नाना टाकायचे. ट्रॉलीपुढे मी चालायचो.

सुरुवातीच्या वर्षी मी घरी येऊन जेवलो नाही. दुसऱ्या वर्षी जेवलो. त्यानंतर मला काही वाटेनासं झालं आणि हे मी फुशारकीनं सांगत नाही, जसं झालं तसं सांगतो. विषानं कुत्रं लगेच मरत नाही, ताठ होतं, झटके येतात, शुद्धीवर असतं. ते बघताना मी दुपारी कोणती गटार उपसायची याचा विचार करत असे. बायको म्हणायची, तुम्ही हल्ली हूं हूं एवढंच बोलता. मी हूं म्हणायचो.

एक गोष्ट मात्र तेव्हाही डोक्यात टोचायची. पुढच्या भाद्रपदात कुत्री तितकीच असत. ज्या गल्लीत आम्ही एकही ठेवलं नव्हतं तिथेही वर्षभरात पहिल्याइतकी भरती होई. मी मुख्याधिकाऱ्यांना एकदा म्हटलं तर ते म्हणाले, "मग यंदा दोनदा घाला." आम्ही दोनदा घातलं. फरक पडला नाही.

बाजाराच्या मागच्या गल्लीच्या तोंडाशी एका बाईचं फुटाण्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याचा आडोसा, एक भट्टी आणि रेती भरलेली कढई. नवरा गेल्यावर तिनं ते एकटीनं चालवलं होतं. सगळं गाव तिला अक्का म्हणायचं. तिच्या पायाशी कायम एखादी कुत्री बसलेली असे. फुटलेले, करपलेले दाणे ती तिला टाकायची आणि आपण तिकडे न बघता गिऱ्हाईक करायची. तिची एक तांबडी कुत्री आमच्या विषात गेली. ट्रॉली समोरून जाताना अक्कानं कढईतला हात थांबवला नाही. मी मान खाली घातली, पण खरं सांगायचं तर लाजेनं नव्हे, खड्डा चुकवायला.

त्यानंतर दोन वर्षांनी तिच्या पायाशी दुसरी कुत्री आली. पांढरी, पाठीवर काळा डाग, शेपटीचं टोक तुटकं. ही जरा फटकळ होती. अनोळखी माणूस आडोशाशी रेंगाळला की गुरगुरायची आणि गल्लीत दुसरं कुत्रं शिरलं की त्याला कोपऱ्यापर्यंत पिटाळून यायची. अक्का म्हणायची, "मनी जोडीदारीण शे ती," म्हणजे माझी जोडीदारीण आहे. जोडीदारीण हेच तिचं नाव पडलं असं म्हणायला हरकत नाही.

त्याच सुमारास गुरांच्या दवाखान्यात नवीन डॉक्टर आल्या. परभणीकडच्या होत्या, अंगानं किरकोळ, सायकलवर यायच्या. बाई म्हैस कशी तपासणार म्हणून सुरुवातीला लोक मुद्दाम मारकी जनावरं घेऊन येत. महिनाभरात ते बंद झालं. एक दिवस त्या माझ्या टेबलासमोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "यंदा विष घालू नका. एक गल्ली मला द्या."

मी विचारलं, एक गल्ली घेऊन काय करणार.

"कुत्र्यांची ऑपरेशनं. मोठ्या शहरांत सुरू झालंय. मादीची पिशवी आणि बीजकोष काढायचे, नराचे वृषण काढायचे. रेबीजची लस टोचायची. चार-पाच दिवस जखम भरेपर्यंत ठेवायचं आणि जिथून उचललं तिथेच सोडायचं."

शेवटचं वाक्य मी ऐकलं, पण ते माझ्यात उतरलं नाही. आमच्या खात्यात उचललेली वस्तू पुन्हा तिथेच ठेवायची पद्धत नव्हती.

कचेरीत हसायला विषय मिळाला. सरकारी नोकरांनी नसबंदीच्या केसेस आणाव्यात असा तगादा असायचा ते दिवस सगळ्यांनी भोगले होते. हेडक्लार्क म्हणाला, "साहेब, आता एक कुत्रं आणलं की एक केस धरतील का?" नानांना मात्र लगेच समजलं. ते शेतकऱ्याच्या घरातले होते. "गोऱ्हा खच्ची करतस, तशे ना?" ते म्हणाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तसंच, पण नाना, नुसते नर करून भागत नाही. दहा नर केले आणि एक सुटला तर गल्लीतल्या सगळ्या माद्या विणार. माद्या सोडून चालणार नाही." नानांनी मान हलवली. मला वाटतं, त्या दिवसापासून नाना त्यांच्या बाजूचे झाले.

मुख्याधिकाऱ्यांनी परवानगी दिली ती अशी: बाजारामागची गल्ली, येत्या भाद्रपदापर्यंत. त्या गल्लीत कोणाला चावा बसला की खेळ खलास, पुन्हा विष. हे त्यांनी तोंडी सांगितलं. लेखी दिलं असतं तर ते अडकले असते.

आषाढात काम सुरू झालं. दवाखान्याच्या मागची पेंढ्याची खोली रिकामी केली, बांबूच्या तट्ट्यांनी खण पाडले. नाना कुत्री धरत. विष घालणारा हात धरायला लागल्यावर कुत्री आधी पळायची, मग नाना तासतासभर एका जागी बसायचे, भाकरी टाकत, आणि जाळं घालायचे. ऑपरेशनच्या आदल्या रात्री कुत्र्याला उपाशी ठेवायचं, कारण भूल दिल्यावर पोटातलं वर आलं तर श्वासात अडकतं. हे मला तिथे कळलं. मी लाकडी टेबलाशी उभा राहायचो, पाय बांधायचो, कंदिलासारखा दिवा धरायचो. बाई बरगडीच्या मागे बोटभर छेद घ्यायच्या आणि त्यातून बोटानं चाचपून बीजकोष बाहेर काढायच्या. बाहेर म्हशी रांगेत उभ्या असत. पिल्लं अंगावर पीत असलेली मादी आली तर त्या परत पाठवत. पिल्लं सुटली की आणा म्हणत.

भूल असतानाच डाव्या कानाचं टोक त्या कापायच्या. नखाएवढं. "हे कशाला?" मी विचारलं. "लांबून कळायला. ह्याचं झालंय, ह्याला लस आहे, ह्याला पुन्हा धरायचं नाही. आणि मारायचं तर नाहीच." बाजारातल्या धान्याच्या गोदामांत मांजरं माजली होती, व्यापाऱ्यांच्या सांगण्यावरून त्यातली पाचसहाही त्यांनी केली. मांजरं नानांनी टोपलीखाली धरली. त्यांचेही कान कापले आणि ती पुन्हा गोदामातच सोडली, कारण व्यापाऱ्यांना उंदरांसाठी मांजरं हवीच होती, फक्त ती वर्षातून दोनतीनदा व्यायला नको होती. मांजरांच्या बाबतीत परत तिथेच सोडणं कोणालाच खटकलं नाही. मलाही नाही. तिथेच मी शहाणा व्हायला हवा होतो.

जोडीदारणीला न्यायला मी स्वतः गेलो, कारण नाना म्हणाले, अक्का मला हात लावू द्यायची नाही. अक्कानं चाळण बाजूला ठेवली.

"भाऊ, तू तिले लई जाशी, पन आठेच परत लई येशी ना?"

"हां अक्का. आठेच." इथेच परत आणीन, असा मी शब्द दिला.

"मांगली बी तूच लई गयथा."

मी म्हटलं, ती गोष्ट वेगळी होती. कुत्रीला तिनंच धरून दिलं. कुत्री तिच्या हातात अगदी गप्प राहिली आणि माझ्या हातात आल्याबरोबर तिनं मला ओरबाडलं.

ऑपरेशनं नीट झाली. गल्लीतली जवळजवळ सगळी कुत्री पेंढ्याच्या खोलीत होती आणि पाच दिवस गल्लीत शांतता होती. हीच शांतता आडवी आली. सोडायच्या आदल्या दिवशी गल्लीतले सातआठ जण, त्यांच्यात एक नगरसेवक, माझ्याकडे आले. म्हणाले, आता नेलीच आहेत तर परत कशाला आणता? पाच दिवस झोप लागतेय आमची. लांब सोडून द्या कुठेतरी. मारू नका, आम्हीही पापभीरू माणसं आहोत, पण लांब सोडा.

मला त्यात काही चूक दिसली नाही. ह्या एका वाक्यासाठी मी एवढं लिहितोय. कचेरीत फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकवली की आपलं काम झालं, असं मी वीस वर्षं शिकलो होतो. कुत्री तर ऑपरेशन झालेली होती. आता ती विणार नाहीत, मग इथे राहिली काय आणि तिथे राहिली काय. गल्ली खूश, नगरसेवक खूश, कुत्री जिवंत. मला वाटलं मी सगळ्यांचंच भलं करतोय. बाई त्या दोन दिवसांत धुळ्याला मीटिंगला गेल्या होत्या, म्हणून विचारायलाही लागलं नाही.

नाना म्हणाले, "साहेब, बाईनी सांगेल व्हतं, जठून उचलं तठेच."

मी म्हटलं, "नाना, बाई आज आहेत, उद्या बदली होईल. गल्लीतल्या माणसांना तोंड मला द्यायचंय."

आग्रा रोडनं आम्ही सोनगीरच्या पुढे गेलो. किल्ल्याच्या पायथ्याची टेकडी ओलांडून, एका ओढ्यापाशी ट्रॉली उभी केली. फळी काढली तरी कुत्री उतरेनात. नानांनी एकेक खाली ठेवलं. ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि ट्रॉलीकडे बघत राहिली. जोडीदारीण ट्रॉलीच्या मागे बरीच धावली, मग ट्रक आडवा आला आणि दिसेनाशी झाली. मला काही वाटलं नाही. संध्याकाळी मी पानपट्टीवर थांबलो आणि गल्लीतल्या एकानं माझं पान खाल्लं म्हणून मला आनंदही झाला.

अक्काला मी सांगितलं, सोनगीरकडे सोडली, तिकडे मोकळी जागा आहे, पाणी आहे.

अक्का म्हणाली, "तठे तिले कोन वळखस?"

मग तिनं वर्तमानपत्राच्या तुकड्यात करपलेल्या फुटाण्यांची एक पुडी बांधली आणि माझ्यापुढे धरली. "तुनं जानं व्हयी तिकडे, तवय टाकजो." मी पुडी घेतली. सोनगीरला मला पुढचे तीन महिने काही काम नव्हतं. पुडी मी टेबलाच्या खणात टाकली.

बाईंनी धुळ्याहून आल्यावर कुत्री सोडली का एवढंच विचारलं, मी हूं म्हटलं. महिना झाला नसेल, गल्लीत कुत्री दिसू लागली. ही आमची नव्हती. कोणी मार्केट यार्डाकडून आलं, कोणी खाटकांच्या वस्तीकडून, कोणी नदीपलीकडून. बाजाराचा उकिरडा होता तिथेच होता, सडका भाजीपाला आणि हॉटेलांतलं खरकटं होतं तितकंच होतं, फक्त ते राखणारी कुत्री नव्हती. आलेल्यांपैकी एकाचाही कान कापलेला नव्हता, एकालाही लस नव्हती. त्यांना गल्लीतली पोरंबाळं ठाऊक नव्हती आणि पोरांना ती. जुनी कुत्री कोणत्या ओट्यावर दगड बसतो आणि कोणत्या ओट्यावर भाकरी मिळते हे जाणून होती. नवीन कुत्री आपसांत जागेसाठी भांडत राहिली. त्यातच भाद्रपद लागला.

चावा बसला तो शिंप्याच्या पाच वर्षांच्या मुलीला. दोन कुत्री एका मादीवरून भांडत होती, ती मधे सापडली. पिंढरी फाटली. कुत्रं पळून गेलं, ते पिसाळलेलं होतं की नाही हे कळायला मार्ग नव्हता. आमच्या गावच्या दवाखान्यात लस नव्हती. तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. तिचा बाप तिला रोज सकाळच्या एसटीनं धुळ्याला नेई आणि दुपारी परत आणी, असं चौदा दिवस. मी एकदा त्याच एसटीत होतो. पोरगी खिडकीशी बसली होती आणि धुळं जवळ आल्याबरोबर दोन्ही हातांनी फ्रॉक पोटावर दाबून धरत होती. मी मागच्या सीटवर जाऊन बसलो.

डॉक्टरीणबाई चाव्याच्या दुसऱ्याच दिवशी गल्लीत आल्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालल्या, मी मागे. दिसेल त्या कुत्र्याच्या कानाकडे बघत होत्या. टोकाला पोचल्यावर म्हणाल्या, "माझी कुत्री कुठायत?"

मी सांगितलं.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. सायकल भिंतीला टेकवून त्या अक्काच्या बाकड्यावर बसल्या आणि लहान मुलाला समजवावं तसं सांगू लागल्या. "तुम्ही जागा रिकामी केलीत. विषानंही तेच होतं, म्हणून तर दरवर्षी तितकीच होतात. खायला आहे तोवर जागा रिकामी राहत नाही. माझी कुत्री इथे असती तर त्यांनी ह्यांना येऊ दिलं नसतं. ती माजावर आली नसती, भांडली नसती, व्याली नसती. लस टोचलेली होती, म्हणजे बाहेरून पिसाळलेलं एखादं आलं असतं तरी पुढे पसरलं नसतं. आपापल्या वयानं म्हातारी होऊन मेली असती, आणि तोवर दुसऱ्या गल्ल्या झाल्या असत्या. ऑपरेशन हे अर्धंच काम. परत आणणं हे उरलेलं अर्धं."

अक्का कढई हलवत होती. तिनं सगळं ऐकलं.

बाईंनी माझ्याकडे आठ दिवस मागितले. नवीन आलेली सगळी धरते, म्हणाल्या, ऑपरेशन करते, लस देते आणि ह्याच गल्लीत ठेवते. मी मुख्याधिकाऱ्यांकडे गेलो. तिथे शिंपी बसला होता, नगरसेवक बसला होता. मुख्याधिकाऱ्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "काय करायचं?" त्यांना माझ्या तोंडून ऐकायचं होतं. चूक माझी होती हे मी तिथे म्हणू शकलो असतो. कुत्री सोनगीरला मी सोडली, त्यामुळे झालं, असं. शिंप्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "विषच घालावं लागेल." आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना नानांनी तुकडे टाकले. सहाच्या सुमारास त्यांनी मला घरून बोलावून नेलं. अक्काच्या बंद आडोशापाशी पांढरी कुत्री पडली होती, पाठीवर काळा डाग, शेपटीचं टोक तुटकं. हाडं निघाली होती. पंज्यांची कातडी सोलून गेली होती. डाव्या कानाचं टोक नव्हतं. सोनगीरच्या ओढ्यापासून ती परत आली होती, कदाचित आदल्याच रात्री पोचली असेल, आणि उपाशी होती म्हणून तिनं पहिला तुकडा खाल्ला असेल. नवीन कुत्र्यांपैकी निम्मी विषाला शिवलीही नव्हती.

"आते काय करू साहेब?" नाना म्हणाले.

अक्का आठला यायची. मी म्हटलं, "उचला." नानांनी तिला उचललं ते ट्रॉलीत टाकलं नाही, हातांवरच घेऊन गेले. कुठे नेली ते मी विचारलं नाही. जागेवर मी पाणी मारायला लावलं. त्याही दिवशी मी कचेरीत दिवसभर काम केलं, आणि घरी जाऊन जेवलो. बायकोनं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, कुठे काय.

त्यानंतर जे झालं ते बरं झालं, पण त्याचं श्रेय मी घेत नाही. बाईंनी ती गल्ली पुन्हा केली, आणि ह्या वेळी मुख्याधिकाऱ्यांशी त्या स्वतः बोलल्या. त्यांनी नानांकडून जुन्या डब्यांचे पत्र्याचे तुकडे कापून घेतले. प्रत्येक कुत्र्याच्या गळ्यात सुतळीनं एकेक तुकडा बांधायचा आणि त्यावर उचलल्याची जागा खरडायची: पिठाची गिरणी, दर्ग्याची भिंत, मारुतीचा पार. सोडताना मी ट्रॉलीत बसायचो आणि वाचून वाचून एकेक उतरवायचो. गिरणीचं गिरणीशी, पाराचं पाराशी. कुत्रं उतरल्याबरोबर अंग झटकायचं, आपली जागा हुंगायचं आणि बसायचं. ते बघायला मला बरं वाटे. बऱ्याच वर्षांनी मला काही बरं वाटत होतं, म्हणून मी ते कोणाला सांगितलं नाही.

लोकांनी कुरकुर केलीच. परत आणलीत तर मग फरक काय, म्हणाले. पहिल्या वर्षी खरंच काही दिसला नाही, कुत्री होती तितकीच होती. पण दिवाळीत त्या गल्लीच्या उकिरड्याशी पिल्लं नव्हती. पुढच्या भाद्रपदात टोळ्या बाजूच्या गल्ल्यांतून फिरल्या, ह्या गल्लीत नाही. मग बाजूच्या गल्लीतलीच माणसं विचारायला आली की आमची कधी करता. बाईंची बदली झाली, पुढच्या डॉक्टरांना नानांनीच सगळं शिकवलं. कधी औषध नसे, कधी डॉक्टर नसे, सहा सहा महिने काम बंद पडे आणि तेवढ्यात कुठेतरी एखादी राहून गेलेली मादी सात पिल्लं घाली. गाव काही कुत्र्यांवाचून राहिलं नाही. पण बाजारामागच्या गल्लीत कान कापलेली, सुस्तावलेली, म्हातारी होत चाललेली चारसहा कुत्री उरली आणि त्यांच्या समोरून शिंप्याची मुलगी शाळेत जायला लागली. ती भिंतीच्या कडेनंच जायची, तेवढं मात्र कायम राहिलं.

अक्काच्या पायाशी त्यानंतर कुत्री आली नाही. तिनंच येऊ दिली नाही असं मला वाटतं. मात्र मी दिसलो की ती पुडी बांधायची. "सोनगीरकडे जानं झाय तर टाकजो." पहिल्यांदा घेतली तेव्हा मी खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं. दुसऱ्यांदा ठरवलं. मग सवय झाली. कधी मी पुडी खणात टाकी, कधी रस्त्यात दुसऱ्या कुत्र्याला घाली. एकदा तिनं विचारलं, "दखायनी का?" मी म्हटलं, लांबून दिसली, बरी आहे. ती म्हणाली, "बरं शे."

असं सहा वर्षं चाललं. मग मी निवृत्त झालो आणि जळगावला मुलीकडे राहायला जायचं ठरलं. सामान टेंपोत चढवल्यावर मी गल्लीत गेलो. दुपार होती, गिऱ्हाईक नव्हतं. अक्का थकली होती, कढई हलवताना मधूनमधून थांबत होती. मला बघून तिनं वर्तमानपत्राचा तुकडा ओढला.

मी म्हटलं, "अक्का, पुडी नको बांधू." आणि मग सांगून टाकलं. ती परत आली होती. पाय सोलवटून आली होती. सही मी केली होती. तुझ्या ह्या आडोशापाशीच मेली, आणि तू यायच्या आत मी उचलायला लावली. सांगताना माझा आवाज गटारीच्या तक्रारीचं उत्तर द्यावं तसा निघत होता. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही.

अक्कानं ऐकून घेतलं. कढईतली रेती चाळली, दाणे वेगळे केले.

"माले मालूम शे," ती म्हणाली. "नानानी त्याच दिन तिले मना घर आनं. मना परसात पुरेल शे ती. आम्ही दोन्हीसनी पुरी."

मी म्हटलं, मग इतकी वर्षं पुड्या कशाला दिल्यास?

"तू कवय सांगस, ते दखत व्हतू."

मी कधी सांगतो, एवढंच ती बघत होती. मी बाकड्यावर बसलो. उन्हात गिरणीशी एक म्हातारं कुत्रं झोपलं होतं, त्याचा डावा कान तुटका. अक्कानं हातातला वर्तमानपत्राचा तुकडा घडी घालून परत गठ्ठ्यात ठेवला आणि कढई हलवायला घेतली. टेंपोवाला हॉर्न वाजवायला लागला. येतो अक्का, मी म्हटलं. तिनं मान हलवली, वर बघितलं नाही.